झोपलेल्या डेस्कटॉपला हाक: केबलवर पोचते, वायफायवर का विरते?

मोबाइलवरच्या ॲपमध्ये बटण दाबलं की लगेच उत्तर येतं, ‘पॅकेट पाठवलं’. वरच्या मजल्यावरचा डेस्कटॉप मात्र ढिम्म हलत नाही. ॲप खोटं बोलत नसतं, पण पूर्ण सत्यही सांगत नसतं. त्याने आपल्या बाजूने एक छोटा निरोप नेटवर्कवर सोडून दिला, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. निरोप पोचला का, कुणी ऐकला का, याची पोच या व्यवस्थेत कुणीच देत नाही. वेक ऑन लॅन वापरून पाहणाऱ्यांची चिडचिड बहुधा इथूनच सुरू होते.

एक नेहमीचा प्रसंग डोळ्यांपुढे आणू. नाशिकला राहणारी एक कर सल्लागार. घर दुमजली, ऑफिस वर, राऊटर खाली हॉलमध्ये. जिन्यातून केबल लोंबकळायला नको म्हणून डेस्कटॉप वायफायवर. टॅली आणि क्लायंटच्या फाइली त्याच डेस्कटॉपवर. दिवसा ती क्लायंटकडे असते आणि लॅपटॉपवरून आपल्या डेस्कटॉपमध्ये शिरायचं असतं. तो चोवीस तास चालू ठेवला तर काम न करताही साधारण ५० वॅट खातो, म्हणजे महिन्याला ३६ युनिट. झोपवून ठेवला तर दोन-तीन वॅटवर भागतं. म्हणून तिने वेक ऑन लॅन चालू केलं, संध्याकाळी डेस्कटॉप झोपवला, हॉलमध्ये येऊन फोनवरचं बटण दाबलं आणि वरून पंख्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच बटण, तीच खोली, पण वर शांतता.

रात्रीतून काय बदललं, हे समजलं की या विषयातलं बरंचसं समजतं. त्यासाठी आधी तो निरोप उलगडून पाहायला हवा.

एएमडी कंपनीने १९९५ मध्ये, एचपीच्या सोबतीने, ‘मॅजिक पॅकेट’ नावाचं तंत्र मांडलं. मोठ्या ऑफिसांची गरज तेव्हा साधी होती: कर्मचारी घरी गेल्यावर रात्री शेकडो संगणक उठवायचे, त्यांवर नवं सॉफ्टवेअर चढवायचं आणि परत झोपवायचे. प्रत्येक टेबलापाशी जाऊन बटण दाबणं परवडणारं नव्हतं. नावात जादू असली तरी पॅकेट अगदी बाळबोध आहे. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच सहा बाइटचा एक क्रमांक मिळतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. पॅकेटमध्ये सुरुवातीला `FF` हा बाइट सहा वेळा येतो आणि त्यामागे ज्याला उठवायचं त्याचा मॅक ॲड्रेस सोळा वेळा, न थांबता. मॅक ॲड्रेस `02:1A:4B:3C:07:5E` असेल तर निरोपाची सुरुवात अशी दिसते:

```
FF FF FF FF FF FF
02 1A 4B 3C 07 5E
02 1A 4B 3C 07 5E
```

दुसरी ओळ अशी एकूण सोळा वेळा येते. सगळे मिळून १०२ बाइट. झोपेतल्या कार्डाला फार अक्कल वापरावी लागू नये, हाच या घोकंपट्टीचा हेतू. कार्डाने पॅकेट कुठून आलं, कुठल्या पोर्टवर आलं, पाठवणारा कोण, यातलं काहीही तपासायचं नाही. समोरून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटमध्ये हा नमुना दिसतो का एवढंच पाहायचं, आणि दिसला की मदरबोर्डला एक विजेचा इशारा द्यायचा. बाकी सगळं मदरबोर्ड पाहतो. डेस्कटॉप झोपलेला असताना त्याचा आयपी ॲड्रेस कुणी सांभाळत असेलच याची खात्री नसते. म्हणून हा निरोप एखाद्या पत्त्यावर न पाठवता घरातल्या सगळ्यांना उद्देशून पाठवतात. घरगुती राऊटरवर त्यासाठीचा पत्ता बहुधा `192.168.1.255` असा, शेवटी २५५ असलेला असतो.

झोपेत कार्ड जागं राहतं ते कशाच्या जिवावर, असा प्रश्न पडेल. डेस्कटॉप बंद दिसत असला तरी भिंतीतल्या प्लगला जोडलेला असेपर्यंत त्याचा पॉवर सप्लाय पाच व्होल्टची एक बारीक धार सतत देत राहतो. नेटवर्क कार्डाचा एक छोटा भाग त्या धारेवर चालतो. याची खूण मागच्या बाजूला दिसते: संगणक झोपल्यावरही लॅन पोर्टवरचा दिवा लुकलुकत असेल तर कार्ड ऐकतं आहे. दिवा पूर्ण विझला असेल तर फोनवरचं ॲप बदलून काही उपयोग नाही, दोष संगणकातच आहे.

दिवा विझण्याचं एक कारण बायोसमध्ये सापडतं. युरोपीय संघाने २००८ मध्ये नियम केला, की बंद अवस्थेतल्या उपकरणांनी आधी १ वॅट आणि २०१३ पासून ०.५ वॅटच्या आत राहावं. तो पाळता यावा म्हणून मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी `ErP` नावाचा पर्याय दिला. तो चालू केला की ती बारीक धार जवळपास तोडली जाते आणि तिच्यासोबत कार्डही मुकं होतं. दुसरं कारण विंडोजचं. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे खरं शट डाउन उरलेलं नाही. `Fast Startup` चालू असेल तर यंत्रणेचा गाभा डिस्कवर लिहून ठेवून संगणक बंद होतो, आणि अशा बंद होण्याच्या वेळी विंडोज नेटवर्क कार्डाला जागल्याचं काम देत नाही. म्हणून ज्यांना दुरून उठवायचं आहे त्यांनी ‘शट डाउन’ऐवजी ‘स्लीप’ वापरावं, हे अर्ध्या तक्रारींवरचं उत्तर आहे. विंडोजमध्ये ही आज्ञा दिली, की झोपेतून उठवण्याची परवानगी सध्या कुणाकुणाला आहे ते समोर येतं:

```
powercfg /devicequery wake_armed
```

यादीत नेटवर्क कार्डाचं नाव नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्या कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली परवानगी द्यावी लागते. तिथेच फक्त मॅजिक पॅकेटनेच उठायचं, अशीही एक चौकट असते. तिच्यावर टिचकी मारायची राहिली तर उलटाच उपद्रव होतो: नेटवर्कवरच्या कुठल्याही किरकोळ विचारपुशीने डेस्कटॉप मध्यरात्री उठून बसतो आणि घरच्यांना भुताटकीचा संशय येतो.

इथवरचं सगळं नाशिकच्या त्या ऑफिसात बरोबर होतं. यादीत वायफाय कार्डाचं नाव होतं, संध्याकाळी डेस्कटॉप उठलाही होता. तेव्हा बायोस, विंडोज आणि ॲप तिन्ही निर्दोष. उरलं वायफाय.

लोक इथे रेंजला दोष देतात. राऊटर जवळ आणतात, अँटेना वळवतात, एक्स्टेंडर विकत घेतात. रेंजचा इथे फारसा संबंध नसतो. केबल आणि वायफाय यांच्यात मूळ फरक असा, की केबलवर ‘सभासद’ असावं लागत नाही. केबल खोचली, दोन्ही टोकांना वीज आहे, एवढ्यावर जोडणी होते. राऊटर सगळ्यांना उद्देशून आलेलं पॅकेट प्रत्येक लॅन पोर्टवर जसंच्या तसं ढकलतो आणि झोपलेलं कार्ड ते उघड्यावर वाचतं. पासवर्ड नाही, कुलूप नाही, ओळखपाळख नाही.

वायफायचं तसं नाही. तिथे प्रत्येक उपकरणाला राऊटरकडे नाव नोंदवावं लागतं, पासवर्ड सिद्ध करावा लागतो आणि मग त्याला किल्ल्या मिळतात. एक किल्ली फक्त त्या उपकरणाची आणि राऊटरची, दुसरी सगळ्यांची सामाईक. सगळ्यांना उद्देशून पाठवलेलं पॅकेट या सामाईक किल्लीने कुलूपबंद होऊन हवेत जातं. आपला मॅजिक पॅकेटही त्यातलाच. ज्याच्याकडे ती किल्ली नाही त्याच्यासाठी तो निरोप म्हणजे नुसती खरखर. नोंदणी करणं, पासवर्ड सिद्ध करणं, किल्ल्या घेणं ही कामं एरवी विंडोज आणि ड्रायव्हर मिळून करतात. पण तेच झोपलेले असतात.

म्हणून वायफायवरून उठवण्यासाठी कार्डाला झोपेत बरंच जास्त काम करावं लागतं. या व्यवस्थेला वेक ऑन वायरलेस लॅन म्हणतात. झोपण्याआधी ड्रायव्हर कार्डाच्या छोट्या प्रोसेसरला सगळं सोपवून जातो: ही तुझी किल्ली, ही सामाईक किल्ली, हा ओळखायचा नमुना. मग कार्डाने सतत रेडिओ चालू ठेवायचा नसतो, नाहीतर वीज फार जाईल. राऊटर साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी एक हजेरीची खूण पाठवतो. त्यातल्या ठरावीक खुणांनंतर तो सगळ्यांसाठी साठवून ठेवलेली पॅकेट सोडतो आणि कार्डाने नेमकं तेवढ्या वेळेला उठून कान द्यायचा. चुकली वेळ तर पॅकेट गेलं. आणखी एक फरक कमी लोकांना ठाऊक असतो: वायफायवर एकाला उद्देशून पाठवलेलं पॅकेट पोचलं नाही तर राऊटर पुन्हा पाठवतो, पण सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्याला ही सोय नाही. ते एकदाच हवेत जातं. बटण तीन-चार वेळा दाबल्यावर कधी कधी डेस्कटॉप उठतो, त्यामागचं एक कारण हेच.

आता सकाळची शांतता. सुरक्षिततेसाठी बहुतेक राऊटर ती सामाईक किल्ली अधूनमधून बदलतात. राऊटरच्या पानावर `Group Key Update` अशा काही नावाखाली हा कालावधी सेकंदांत लिहिलेला असतो. ३६०० असेल तर तासाला एकदा. बदल करताना राऊटर प्रत्येक उपकरणाला नवी किल्ली देऊ करतो आणि ‘मिळाली’ असं उत्तर मागतो. उत्तर आलं नाही की काही वेळा विचारून त्या उपकरणाला सरळ यादीतून काढून टाकतो. म्हणजे सोसायटीने दर तासाला मुख्य फाटकाचं कुलूप बदलावं आणि जो झोपला असेल तो बाहेर राहावा, तसला प्रकार. झोपेतल्या कार्डाला ही किल्ली स्वतः घेता आली तर बरं. इंटेलच्या कार्डांच्या सेटिंगमध्ये त्यासाठी `GTK rekeying for WoWLAN` अशी एक ओळ दिसते. अनेक स्वस्त कार्डांत मात्र ही क्षमताच नसते. ती संध्याकाळी पाच मिनिटांनी उठतात, कारण पहिली किल्ली अजून चालते. रात्रीत किल्ली बदलते आणि सकाळी ती राऊटरच्या खिजगणतीत नसतात.

नाशिकच्या उदाहरणात हे तपासायला फार साधनं लागत नाहीत, थोडा धीर लागतो. डेस्कटॉप झोपवायचा आणि लगेच हाक मारायची. उठला तर परत झोपवून दहा मिनिटांनी, मग दोन तासांनी. पहिल्याच हाकेला उठला नाही तर दोष कार्ड, ड्रायव्हर किंवा विजेत. सुरुवातीला उठून दोन तासांनी उठला नाही तर दोष जोडणी टिकण्यात. दुसरा पुरावा राऊटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत मिळतो: झोपल्यावर पाच मिनिटांनी डेस्कटॉप तिथे दिसतो आणि दोन तासांनी दिसत नाही, असं झालं तर तो बाहेर पडला हे नक्की. मग किल्ली बदलण्याचा कालावधी एका दिवसाएवढा, म्हणजे ८६४०० सेकंद करून तीच चाचणी परत घ्यायची. आता सकाळी उठला, तर गुन्हेगार सापडला. घरातल्या वायफायसाठी एवढी सूट चालण्यासारखी आहे. भाडेकरू, पाहुणे, बाहेरचे लोक वापरत असतील अशा नेटवर्कवर मात्र ती देऊ नये.

किल्लीवर बोट ठेवता आलं नाही तर आणखी दोन संशयित उरतात. मेश वायफाय असलेल्या घरात राऊटर उपकरणांना एका डब्यावरून दुसऱ्यावर, किंवा २.४ गिगाहर्ट्झवरून ५ वर ढकलत राहतो, आणि चॅनेल गजबजलं तर स्वतःच चॅनेल बदलतो. जागा संगणक त्यामागे जातो, झोपलेला मागे राहतो. दुसरा संशयित विजेचा. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची वायफाय कार्डं लॅपटॉपच्याच घडणीची असतात, पण झोपेत त्या स्लॉटला वीज द्यायची की नाही हे मदरबोर्ड बनवणारा ठरवतो आणि अनेकदा देत नाही. यूएसबीत खोचलेल्या वायफाय डोंगलची अवस्था आणखी वाईट, कारण कित्येक संगणक झोपताच त्या पोर्टची वीज काढून घेतात. आणि डेस्कटॉप झोपवण्याऐवजी पूर्ण बंद केला, तर वायफायची आशा जवळपास सोडावीच. वायफाय कार्डाचा अंतर्गत प्रोग्राम बहुधा ड्रायव्हरच दर वेळी त्यात उतरवतो. यंत्रणा बंद, तर कार्ड रिकामं.

वायफायवर हे कधीच जमत नाही, असं मात्र नाही. ॲपलने २००९ मध्ये स्नो लेपर्ड या यंत्रणेसोबत एक वेगळी युक्ती आणली. मॅक झोपण्यापूर्वी आपली ओळख घरातल्या एखाद्या जाग्या ॲपल उपकरणाकडे, तेव्हा एअरपोर्ट राऊटरकडे, सोपवून जायचा. कुणी मॅकला शोधत आलं की ते उपकरण त्याला उठवायचं. ती वायफायवरही चालली, कारण राऊटर, कार्ड आणि यंत्रणा तिन्ही एकाच कंपनीच्या हातात होत्या. विंडोजच्या डेस्कटॉपमध्ये कार्ड एकाचं, मदरबोर्ड दुसऱ्याचं, राऊटर इंटरनेट कंपनीने दिलेला तिसऱ्याचाच. त्या तिघांचं एकमत व्हावं लागतं.

म्हणून अनुभवी नेटवर्कवाले या प्रश्नावर फार वेळ घालवत नाहीत. ते केबल लावतात. इथे एक गैरसमज दूर करायला हवा: केबल फक्त उठवायच्या संगणकाला लागते. उठवणारा फोन खुशाल वायफायवर असू दे, कारण तो जागाच आहे. फोनचा निरोप हवेतून राऊटरपर्यंत जातो आणि तिथून लॅन पोर्टवर उतरतो. फक्त फोन पाहुण्यांच्या वायफायवर नसावा. तिथून घरातल्या इतर उपकरणांकडे जायला राऊटर बहुधा मज्जाव करतो.

जिन्यातून केबल न्यायची नसेल तरी उपाय आहे, आणि त्या कर सल्लागाराला तोच सोयीचा पडेल. वरच्या मजल्यावर लॅन पोर्ट असलेला मेशचा दुसरा डबा किंवा एक्स्टेंडर ठेवायचा आणि त्या डब्यातून डेस्कटॉपला हातभर केबल जोडायची. खालून वर निरोप हवेतूनच जातो, पण आता वायफायवरची नोंदणी आणि किल्ल्या सांभाळायला एक कायम जागं यंत्र आहे. शेवटच्या हातभर अंतरात निरोप केबलवरून, विनाकुलूप येतो. ॲपमध्ये मॅक ॲड्रेस मात्र बदलावा लागेल. लॅन पोर्टचा मॅक वेगळा असतो आणि वायफायचा वेगळा. नवी केबल लावून जुना ॲड्रेस तसाच ठेवणारे लोक कमी नाहीत.

घराबाहेरून हाक मारण्यात आणखी एक अडसर आहे. सगळ्यांना उद्देशून पाठवलेलं पॅकेट इंटरनेटवरून घरात शिरत नाही. अशा पॅकेटचा वापर करून हल्ले होऊ लागल्यावर १९९९ पासून राऊटरनी ती आपणहून पुढे पाठवू नयेत, असा दंडक आला. त्यात आपल्याकडच्या कित्येक इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे राऊटरमध्ये पोर्ट उघडूनही बाहेरून घर दिसत नाही. सरळ मार्ग असा, की घरात एक छोटं यंत्र सदैव जागं ठेवावं. काही वॅटवर चालणारा रास्पबेरी पाय पुरतो. बाहेरून व्हीपीएनने त्यात शिरायचं आणि त्याच्याकडून घरातच हाक मारून घ्यायची. लिनक्सवर त्यासाठीची आज्ञा एका ओळीची आहे:

```
wakeonlan 02:1A:4B:3C:07:5E
```

महाराष्ट्रात लाइट जाण्याचा हिशेबही यात धरावा लागतो. राऊटर इन्व्हर्टरवर आणि डेस्कटॉप साध्या प्लगवर, ही बऱ्याच घरांतली मांडणी. लाइट गेली की ती पाच व्होल्टची धार तुटते, झोपेतला डेस्कटॉप पूर्ण बंद होतो आणि न साठवलेलं काम जातं. लाइट परत आल्यावरही अनेक मदरबोर्डवर नेटवर्क कार्ड तेव्हाच ऐकू लागतं, जेव्हा विंडोज एकदा तरी सुरू होऊन त्याला ते काम पुन्हा नेमून देतं. अशा डेस्कटॉपला केबल असूनही हाक ऐकू येत नाही. यावर बायोसमध्ये `Restore on AC Power Loss` किंवा तशाच नावाचा पर्याय असतो. तो ‘पॉवर ऑन’वर ठेवला की लाइट येताच डेस्कटॉप स्वतः चालू होतो, विंडोज उघडतं आणि स्लीपची वेळ ठरवलेली असेल तर अर्ध्या तासाने कार्डाला कामाला लावून परत झोपतं. दोन तासांच्या चाचणीसोबत मेन स्विच एकदा खाली-वर करून पाहिलेला बरा, अर्थात सगळ्या फाइली सेव्ह करून.